किती दिवसांचं फुटेज मावतं?

मे महिन्याच्या सुट्टीत एक कुटुंब गावाला जातं. बारा दिवसांनी परत येतं, तर पार्किंगमधली मुलाची सायकल जागेवर नसते. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फुटेज काढायला सांगितलं जातं आणि तिथे कळतं की रेकॉर्डरमधलं सगळ्यात जुनं चित्रण नऊ दिवसांपूर्वीचं आहे. सायकल गेली असेल ती त्याआधीच्या तीन दिवसांत. कॅमेरे चालू होते, डिस्क धडधाकट होती, कुणी काही मुद्दाम पुसलेलं नव्हतं. डिस्क भरली की सर्वांत जुनं चित्रण काढून त्या जागी नवं लिहायचं, हे रेकॉर्डरचं नेहमीचं काम आणि ते त्याने चोख केलं. बसवताना ‘महिनाभर आरामात राहील’ असं सांगितलं गेलं होतं. ते कुणी गुणून पाहिलं नव्हतं, एवढंच.

हा गुणाकार पाचवीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. अडचण येते ती कोणता आकडा घ्यायचा याची. कोटेशनवर ठळक लिहिलेलं असतं ते मेगापिक्सेल आणि टीबी. दोन मेगापिक्सेलचे सोळा कॅमेरे, ४ टीबीची हार्ड डिस्क, बस्स. पण मेगापिक्सेलवरून दिवस निघत नाहीत. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला दहा जीबी जागा खाईल आणि तसाच दुसरा चाळीस जीबी खाईल. दोन्ही एकाच खोक्यातून निघालेले असले तरीही.

जागा ठरवणारा आकडा आहे बिटरेट, म्हणजे एक सेकंदाच्या चित्रणासाठी कॅमेरा किती डेटा पाठवतो ते माप. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचं एक पान असतं. त्यात `Resolution`, `Frame Rate` वगैरेंच्या खाली `Max. Bitrate` असं काहीतरी लिहिलेलं सापडतं आणि समोर १०२४, २०४८, ४०९६ यांसारखा आकडा असतो. हा आकडा किलोबिटमध्ये असतो. त्या पानावर बऱ्याचदा दोन प्रवाह दिसतात, `Main Stream` आणि `Sub Stream`. मोबाइलवर घाईत बघायला जे हलकं चित्र येतं ते दुसऱ्याचं. डिस्कवर सहसा पहिला प्रवाह उतरतो, म्हणून आकडा पहिल्याचाच घ्यायचा.

आता पहिला सापळा. बिटरेट बिटमध्ये मोजतात आणि डिस्क बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायला विसरलं की उत्तर आठपट चुकतं. एकदाच हिशेब करून ठेवू म्हणजे पुन्हा त्या वाटेला जायला नको. १०२४ किलोबिटला आठाने भागलं की १२८ किलोबाइट, ही झाली एका सेकंदाची जागा. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की १०,८०० एमबी येतात, म्हणजे साधारण साडेदहा जीबी. हा साडेदहाचा आकडा तेवढा लक्षात ठेवावा. बिटरेटमधल्या दर १०२४ मागे एका कॅमेऱ्याला एका दिवसासाठी साडेदहा जीबी लागतात. २०४८ वर असलेला कॅमेरा २१ जीबी घेणार आणि ४०९६ वरचा ४२ जीबी.

दुसरा सापळा डिस्कच्या लेबलवर आहे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि रेकॉर्डर १०२४ च्या पटीत. त्यामुळे ४ टीबीची डिस्क रेकॉर्डरच्या पडद्यावर साधारण ३,७२६ जीबी दाखवते आणि ८ टीबीची ७,४५२ जीबी. कुणी फसवलेलं नसतं, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. वर काढलेले साडेदहा जीबी रेकॉर्डरच्या पद्धतीचे आहेत, म्हणून भागाकारातही पडद्यावर दिसणारा आकडाच घ्यायचा. लेबलवरचा घेतला तर महिन्यामागे दोन दिवस जास्तीचे दिसतील आणि प्रत्यक्षात ते मिळणार नाहीत.

सायकल गेलेल्या सोसायटीचा हिशेब आता मांडून पाहू. सोळा कॅमेरे. त्यातले चार महत्त्वाच्या जागी आहेत, दोन गेटवर आणि दोन पार्किंगमध्ये. ते ४०९६ वर ठेवलेले आहेत, कारण तिथे गाडीचा नंबर आणि माणसाचा चेहरा वाचता यायला हवा. बाकीचे बारा लिफ्ट, जिना, गच्चीचं दार आणि कंपाउंड यांवर, सगळे २०४८ वर. चार कॅमेऱ्यांचे प्रत्येकी ४२ जीबी म्हणजे १६८. बारा कॅमेऱ्यांचे प्रत्येकी २१ म्हणजे २५२. एकूण दिवसाला ४२० जीबी. डिस्क ३,७२६ जीबीची. भागाकार केला की ८.९ येतात, म्हणजे जेमतेम नऊ दिवस. ऑफिसात जे दिसलं तेच कागदावर निघालं.

तीस दिवस हवे असतील तर ४२० ला तीसने गुणायचं. १२,६०० जीबी. म्हणजे ८ टीबीच्या दोन डिस्क. इथे अनेक कमिट्या खर्चाचा आकडा बघून थबकतात आणि ‘चालतंय तसं चालू दे’ म्हणतात. पण त्याआधी बिटरेटकडे पुन्हा बघायला हवं. लिफ्टच्या बंद डब्यात किंवा जिन्यावर दिवसातला बराच वेळ काहीच हलत नाही आणि माणूस आला तरी तो कॅमेऱ्यापासून दोन-चार हातांवर असतो. तिथे १०२४ वरही चेहरा ओळखू येतो. मात्र बिटरेट निम्मा करताना फ्रेमची संख्याही कमी करावी. सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी पंधरा किंवा बारा केली की मिळालेला डेटा कमी चित्रांत वाटला जातो आणि प्रत्येक चित्र स्वच्छ राहतं. पंचवीस फ्रेम तशाच ठेवून नुसता बिटरेट उतरवला, तर माणूस चालायला लागला की त्याच्याभोवती चौकोनी ठिगळं दिसू लागतात आणि नेमका हवा असलेला चेहरा पुसट होतो. आकडा उतरवल्यावर एखाद्याला त्या जिन्यावरून भरभर चालायला सांगावं आणि ते रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहावं. चेहरा टिकला तर तो आकडा ठेवावा, नाहीतर एक पायरी वर जावं.

बारा कॅमेरे १०२४ वर आणले की त्यांचे २५२ चे १२६ जीबी होतात. गेट आणि पार्किंगचे १६८ तसेच. एकूण २९४ जीबी. जुन्याच ४ टीबीच्या डिस्कवर आता साडेबारा दिवस निघतात आणि ८ टीबीची एक डिस्क घातली तर २५ दिवस. एक पैसाही न घालता नवाचे साडेबारा झाले, हे कमिटीच्या बैठकीत सांगण्यासारखं आहे. गेटच्या कॅमेऱ्यांना मात्र या कपातीत हात लावू नये. महिनाभराचं फुटेज जमवून त्यात गाडीचा नंबर वाचता येत नसेल, तर ते साठवून काय करायचं?

राहिले पाच दिवस. त्यासाठी हालचालीवर रेकॉर्डिंग हा मार्ग आहे. समोर काही हललं तरच चित्रण लिहायचं, आधीचे-नंतरचे काही सेकंद धरून. जिना आणि गच्ची यांच्या सहा कॅमेऱ्यांना हे लावलं आणि पाहिल्यावर असं दिसलं की ते दिवसाच्या एक चतुर्थांश वेळच लिहितात, तर त्यांचे ६३ जीबी सोळावर येतात. एकूण सुमारे २४७ जीबी. ७,४५२ ला २४७ ने भागलं की तीस दिवस. बरोबर काठावर! पण ‘एक चतुर्थांश’ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. खरा आकडा जागेनुसार बदलतो आणि आधी सांगता येत नाही. गच्चीवर वाळत घातलेली साडी वाऱ्याने दिवसभर हलत राहिली तर कॅमेरा दिवसभर लिहीत राहील. उलट हालचाल ओळखण्याची संवेदनशीलता फार कमी ठेवली तर माणूस येऊन जाईल आणि काहीच लिहिलं जाणार नाही. म्हणून गेट, पार्किंग आणि लिफ्ट चोवीस तास चालू ठेवावेत आणि हालचालीचा पर्याय कमी वर्दळीच्या जागांपुरताच वापरावा, असं माझं मत आहे.

एच.२६५ चं काय, हा प्रश्न इथे हमखास येतो. एच.२६४ हे चित्रण दाबून लहान करण्याचं मानक २००३ मध्ये आलं आणि एच.२६५ हे २०१३ मध्ये. नवं मानक तेवढ्याच प्रतीचं चित्र साधारण निम्म्या डेटात बसवू शकतं, हे खरं आहे. त्यावरून ‘एच.२६५ केलं की दिवस दुप्पट’ असं सर्रास सांगितलं जातं. पण सेटिंगमध्ये एच.२६५ निवडलं आणि बिटरेट ४०९६ वरच स्थिर ठेवला, तर कॅमेरा ४०९६ च पाठवत राहतो. चित्र थोडं अधिक चांगलं होतं आणि दिवस होते तेवढेच राहतात. दिवस वाढवायचे तर मानक बदलल्यावर आकडाही हाताने उतरवावा लागतो. शिवाय एनव्हीआरला जोडलेल्या कॅमेऱ्यात चित्रण कॅमेऱ्यातच दाबलं जातं. कॅमेरा जुना असून त्याला एच.२६५ येत नसेल, तर नवा रेकॉर्डर आणून उपयोग नाही. जुन्या पद्धतीच्या केबलवरच्या डीव्हीआरमध्ये हे काम रेकॉर्डर करतो, त्यामुळे तिथे रेकॉर्डर बदलल्याचा फायदा मिळतो.

‘स्थिर’ हा शब्द वर आला त्याबद्दल थोडं सांगायला हवं. बिटरेट दोन तऱ्हेने ठेवता येतो. स्थिर ठेवला तर समोर रिकामी भिंत असो की गणपतीची मिरवणूक, डेटा तेवढाच येतो. हिशेब तंतोतंत जमतो, पण रिकाम्या भिंतीवर जागा वाया जाते. बदलता ठेवला तर `Max. Bitrate` ही वरची मर्यादा होते आणि शांत वेळी कॅमेरा त्याहून कमी पाठवतो. म्हणजे आपण जास्तीत जास्त आकड्यावरून काढलेले दिवस हे कमीत कमी दिवस ठरतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच मिळतात. बाजू सुरक्षित आहे.

कमी म्हणजे किती कमी, हे मात्र रात्र ठरवते. आपल्याला वाटतं की रात्री सगळं सामसूम, म्हणजे डेटा कमी लागणार. अनेक कॅमेऱ्यांत घडतं उलटं. चित्रण दाबण्याची युक्ती अशी की मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही, फक्त बदल पाठवायचा. अंधारात कॅमेरा मिळेल तेवढा प्रकाश ताणून चित्र उजळ करतो आणि त्यात बारीक दाणे दिसू लागतात. हे दाणे प्रत्येक चित्रात जागा बदलतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळी भिंतच सतत हलत असते आणि तो सगळंच पुन्हा पाठवत बसतो. त्यात इन्फ्रारेड दिव्यांकडे येणारे किडे, काचेसमोर कोळ्याने विणलेलं जाळं आणि पावसाच्या रेषा यांची भर पडते. पावसाळ्यात एकाच रेकॉर्डरमधले दिवस उन्हाळ्यापेक्षा कमी झालेले दिसले तर डिस्क बिघडली असं लगेच समजू नये. काच पुसून आणि जाळं काढून बघावं. जागेवर एक साधा दिवा लावला तरी दाणे कमी होतात, डेटा कमी होतो आणि चेहराही दिसतो.

अंदाज करत बसण्यापेक्षा मोजणं सोपं आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही. चोवीस तास लिहिणाऱ्या एका कॅमेऱ्याचं दुपारी तीन ते चारचं चित्रण पेन ड्राइव्हवर काढावं, मग त्याचंच रात्री दोन ते तीनचं. फाइली किती मोठ्या आहेत ते संगणकावर बघावं. २०४८ वर स्थिर असलेल्या कॅमेऱ्याच्या एका तासाच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज ९०० एमबीच्या आसपास यायला हवी, दुपारी आणि रात्री जवळपास सारखीच. बदलत्या बिटरेटवर दुपारचा तास चारशे आणि रात्रीचा आठशे निघाला, तर सरासरी सहाशे धरून चोवीसने गुणायचं. १४,४०० एमबी, म्हणजे दिवसाला सुमारे १४ जीबी. कागदावर २१ धरले होते, त्या जागी हा मोजलेला आकडा घालायचा. लिफ्टचा एक, गेटचा एक आणि कंपाउंडचा एक, असे तीन कॅमेरे मोजले तरी सोसायटीचा हिशेब बराच पक्का होतो.

मोठ्या मुदतीचा हिशेब किती भारी होतो, हे एका निकालावरून दिसतं. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांबाबत आदेश दिला. त्यात फुटेज अठरा महिने जपायला सांगितलं आहे. तशी क्षमता असलेली उपकरणं बाजारात नसतील, तर निदान एक वर्ष तरी राहिलंच पाहिजे, असंही म्हटलं आहे. आपल्या साडेदहाच्या आकड्याने पाहू. २०४८ वरचा एकच कॅमेरा दिवसाला २१ जीबी, वर्षाला ७,६६५ जीबी. ८ टीबीची अख्खी डिस्क एका कॅमेऱ्याला दिली तरी वर्ष पुरं व्हायला दहा दिवस कमी पडतात. आणि ठाण्यात कॅमेरे एक-दोन नसतात. कोठडीत काय घडलं हे महिन्यांनंतर दाखवू शकणारा पुरावा टिकावा की नाही, हे अशा गुणाकारावर अवलंबून आहे. म्हणून अशा कोणत्याही खरेदीत ‘कॅमेरे किती’ यासोबत ‘दिवस किती, कोणत्या बिटरेटवर’ हे लिहिलेलं असलंच पाहिजे. सोसायटीच्या कोटेशनमध्येही ही ओळ मागून घ्यावी. ती द्यायला बसवणाऱ्याला दोन मिनिटं लागतात.

मोठी डिस्क घेण्याआधी रेकॉर्डर ती स्वीकारतो का ते त्याच्या माहितीपत्रकात बघावं. डिस्क जोडायच्या जागा किती आणि प्रत्येक जागेवर जास्तीत जास्त किती टीबी, हे तिथे दिलेलं असतं. लहान रेकॉर्डरमध्ये बऱ्याचदा एकच जागा असते. डिस्कही सतत लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारची घ्यावी. संगणकातली काढून घातली तर चालते, पण चोवीस तास लिहिण्यासाठी ती बनवलेली नसते. हिशेब काठावर आला असेल, तर एक पायरी वरची डिस्क घ्यावी. आपल्या सोसायटीने १० टीबीची घेतली तर पडद्यावर ९,३०० जीबीच्या आसपास दिसतील आणि २४७ ने भागल्यावर ३७ दिवस येतील. पुढच्या वर्षी कुणीतरी मागच्या भिंतीला आणखी दोन कॅमेरे लावायला सांगणारच. तेव्हा हे वरचे सात दिवस कामाला येतील.

मोठी डिस्क घालूनही दिवस वाढले नाहीत, अशी तक्रारही ऐकू येते. तेव्हा दोन सेटिंग बघायची. एक `Overwrite`. ते बंद असेल तर डिस्क भरल्यावर जुनं पुसलं जात नाही, नवं लिहिणंच थांबतं. हे सगळ्यात वाईट, कारण पडद्यावर चित्र दिसत राहतं आणि रेकॉर्डिंग मात्र होत नसतं. दुसरं `Expired Time`. काही रेकॉर्डरमध्ये हे असतं. त्यात सात लिहिलेलं असेल, तर डिस्कवर कितीही जागा असो, आठव्या दिवशी चित्रण काढलं जातं. तिथे शून्य ठेवलं की जागा संपेपर्यंत चित्रण राहतं. याउलट ‘शिल्लक जागा ०’ असं दिसलं म्हणून घाबरू नये. `Overwrite` चालू असलेली भरलेली डिस्क शून्यच दाखवते, ते ठीक आहे.

खरे दिवस किती, हे रेकॉर्डरच सांगतो. `Playback` मध्ये कॅलेंडर उघडलं की रेकॉर्डिंग असलेल्या तारखा वेगळ्या रंगात किंवा खुणेने दिसतात. सगळ्यात जुनी खूण कोणत्या तारखेला आहे ते प्रत्येक कॅमेऱ्यासाठी बघायचं, ती तारीख उघडून चित्र खरोखर चालतं का तेही बघायचं, आणि घड्याळ बरोबर आहे ना याची खात्री करायची. नवी डिस्क घातल्यावर पहिला महिनाभर ही खूण उपयोगाची नाही, कारण डिस्क अजून भरायचीच असते. तेव्हा शिल्लक जागेकडे बघावं. सोमवारी सकाळी नऊला ७,४०० जीबी शिल्लक होते आणि पुढच्या सोमवारी नऊला ५,८६० उरले, तर सात दिवसांत १,५४० गेले, म्हणजे दिवसाला २२० जीबी. ७,४५२ ला २२० ने भागलं की ३३ दिवस आणि वर थोडं. हा आकडा तारखेसह सोसायटीच्या रजिस्टरात लिहून ठेवावा. एखादा कॅमेरा वाढला किंवा कुणी सेटिंगला हात लावला, की आठवडाभराने पुन्हा याच रीतीने मोजावं आणि नवा आकडा जुन्याखाली लिहावा.